तलावाचं सभासदत्व थांबवताना

शेजारच्या काकूंच्या कानाच्या पडद्याला छिद्र पडलं आणि डॉक्टरांनी पोहणं बंद करायला सांगितलं. सोसायटीच्या तलावाची एप्रिल ते मार्चची 12,000 रुपये फी त्यांनी आधीच भरलेली. सचिवांना लिहिलेल्या पत्रात आजाराचं वर्णन पानभर, शेवटी एकच ओळ : ‘माझे सभासदत्व रद्द करावे.’

ही ओळ मला धोक्याची वाटली. गृहनिर्माण संस्थेत नुसतं ‘सभासदत्व’ म्हणजे भागपत्राशी, घराच्या हक्काशी जोडलेलं सभासदत्व. मग आम्ही लिहिलं : ‘वैद्यकीय कारणास्तव माझे फक्त जलतरण तलावाचे सभासदत्व 31 जुलैअखेर बंद करावे. उरलेल्या आठ महिन्यांचे 8,000 रुपये परत मिळावेत. डॉक्टरांचे प्रमाणपत्र व पावतीची प्रत सोबत जोडली आहे.’ प्रमाणपत्रात ‘पोहण्यास मनाई’ हे शब्द हवेतच. नुसतं आजाराचं नाव कमिटीला काही सांगत नाही.

परतावा मात्र अर्जावरच्या अटींवर ठरतो. ‘फी परत मिळणार नाही’ असं छापलेलं असेल, तर निदान पुढच्या वर्षाची आकारणी थांबवण्याची विनंती करा. मासिक देखभाल खर्च या पत्राने थांबत नाही, तो भरत राहा. आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय ऑफिसमधून निघू नका.