पाठ केलेला संवाद दुकानात का अडतो? : बोली मराठीच्या सरावाबद्दलचे चार गैरसमज

नोकरीसाठी महाराष्ट्रात आलेल्या सहकाऱ्याला किंवा शेजाऱ्याला मराठी शिकवताना आपण हमखास तीन प्रसंग निवडतो : हॉटेलात खाणं मागवणं, रस्ता विचारणं आणि दुकानात खरेदी. एकाने गिऱ्हाईक व्हायचं, दुसऱ्याने दुकानदार. या पद्धतीला रोल-प्ले म्हणतात. पद्धत चांगली आहे, पण ती ज्या रीतीने राबवली जाते त्यात काही गैरसमज मुरलेले आहेत. त्यामुळे वर्गात घडाघडा बोलणारा माणूस दुकानात दुसऱ्याच प्रश्नाला गप्प होतो.

गैरसमज १ : संवाद तोंडपाठ झाला की बोलता येतं.

वस्तुस्थिती : छापील संवादात समोरचा काय बोलणार हे दोघांनाही आधीच माहीत असतं. मग ऐकायची गरजच उरत नाही आणि सराव फक्त उच्चारांचा होतो. खऱ्या बोलण्यात एकाला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला माहीत नसते. रोल-प्लेमध्ये हीच स्थिती आणावी लागते.

त्यासाठी दोन चिठ्ठ्या कराव्यात आणि एकमेकांना दाखवू नयेत. मिसळीचंच उदाहरण घेऊ. गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीत लिहा : ‘तिखट चालत नाही, कांदा नको.’ वेटरच्या चिठ्ठीत लिहा : ‘पाव संपले, ब्रेड आहे. रस्सा वेगळा हवा का, ते विचारा.’ आता “एक मिसळ द्या, कमी तिखट” हे वाक्य सोपंच जातं. कसोटी लागते ती “पाव संपलेत, ब्रेड चालेल का?” या प्रश्नाला. शिकणाऱ्याने “चालेल” म्हटलं, “नको, मग पोहे द्या” म्हटलं, तरी सराव झाला. तो न ऐकताच “दोन पाव द्या” म्हणाला, तर संवाद पाठ आहे पण कान तयार नाही, हे लगेच कळतं.

चिठ्ठी त्या गावाची असावी. मिसळीच्या रश्श्याला पुण्यात ‘सॅम्पल’, कोल्हापुरात ‘कट’ आणि विदर्भात ‘तर्री’ म्हणतात. शिकणारा जिथे जेवणार आहे, तिथला शब्द त्याच्या कानावर आधी पडायला हवा.

गैरसमज २ : रस्ता विचारायला प्रश्न आला की पुरे.

वस्तुस्थिती : “काका, पोस्ट ऑफिस कुठे आहे?” हा प्रश्न कुणीही लवकर शिकतो. अवघड असतं ते उत्तर. “सरळ जा, पुढच्या चौकात डावीकडे वळा, मारुतीचं देऊळ लागेल, त्याच्या अलीकडे उजव्या हाताला” असं उत्तर एका दमात येतं. त्यातलं ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ नवख्याला फसवतं, कारण त्याचा अर्थ चालणारा कुठून येतोय त्यावर ठरतो. देवळाच्या अलीकडे म्हणजे देऊळ येण्याआधी.

म्हणून या सरावात प्रश्नाला कमी आणि परत बोलून दाखवण्याला जास्त वेळ द्यावा. साधा नकाशा काढा. सांगणाऱ्याच्या नकाशात पोस्टाची खूण असेल, विचारणाऱ्याच्या नकाशात ती नसेल. ऐकून झाल्यावर विचारणाऱ्याने म्हणायचं : “म्हणजे चौकात डावीकडे, आणि देवळाच्या आधीच, बरोबर ना?” मग त्याने आपल्या नकाशावर खूण करायची आणि दोन्ही नकाशे शेजारी ठेवायचे. खूण देवळाच्या पुढे गेली, तर ऐकण्यात नेमकं काय निसटलं ते दोघांनाही दिसतं.

गैरसमज ३ : समजलं नाही की “पुन्हा सांगा” म्हणावं, आणि असं वारंवार म्हणावं लागणं हा कच्चेपणा.

वस्तुस्थिती : न समजणं आणि विचारून घेणं हा सगळ्यांच्याच बोलण्याचा भाग आहे. वेगवेगळ्या खंडांतल्या 12 भाषांमधल्या घरगुती गप्पा तपासणारा एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आपल्याच भाषेत बोलणारी माणसंही सरासरी दर दीड मिनिटाच्या आत एकदा तरी “काय?”, “कोण?” असं विचारून घेताना आढळली. शिवाय, जितकं समजलं असेल तितका नेमका प्रश्न विचारण्याकडे माणसांचा कल दिसला. सगळंच निसटलं तर “काय?”, थोडंसं निसटलं तर “कुठे?”, आणि अंदाज असेल तर “देवळाजवळ ना?”

नवखा मात्र बहुतेक वेळा “पुन्हा सांगा” एवढंच शिकलेला असतो. दुकानदार तेच वाक्य तितक्याच वेगाने पुन्हा म्हणतो आणि गाठ सुटत नाही. एक प्रसंग नीट पाहू. शिकणाऱ्याने लोकांना “अडीचशे द्या” म्हणताना ऐकलंय आणि त्याला तेवढाच रवा हवा आहे.

गिऱ्हाईक : दादा, रवा द्या, अडीच. आणि एक किलो गूळ.
दुकानदार : रव्याचे एकशे तीस, गुळाचे छप्पन्न.
गिऱ्हाईक : थांबा, रवा किती दिलात?
दुकानदार : अडीच किलो. तुम्हीच म्हणालात ना?
गिऱ्हाईक : माझं सांगायचं चुकलं. पाव किलो हवाय, अडीचशे ग्रॅम.
दुकानदार : बरं, मग तेरा. सगळे मिळून एकोणसत्तर.
गिऱ्हाईक : पन्नास नऊ की साठ नऊ?
दुकानदार : साठ नऊ.

इथे गिऱ्हाइकाने पैसे देण्याआधी थांबवलं, शंका नेमकी रव्यावर आणली आणि तेच माप दोन प्रकारे सांगितलं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत गोंधळ झाल्यावर त्याने दोन पर्याय पुढे ठेवले. ‘साठ नऊ’सारखी फोड 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात आली, तेव्हा मोठा वाद झाला होता. मुलांनी संख्या कशा वाचाव्यात हा प्रश्न निराळा. दुकानात खात्री करून घ्यायला मात्र ही फोड उपयोगी पडते, कारण ती कुणालाही समजते.

गैरसमज ४ : शिकणारा अडला की आपण हिंदीत बोलणं ही मदतच.

वस्तुस्थिती : त्या वेळेपुरता व्यवहार होतो, पण सराव तिथेच तुटतो. अडखळल्यावर मार्ग काढायची सवय लागण्याआधीच आपण तो प्रसंग संपवतो. त्यामुळे हा प्रसंगही रोल-प्लेमध्ये घ्यावा. दुकानदाराच्या चिठ्ठीत लिहा : ‘गिऱ्हाईक थबकलं की हिंदीत बोला.’ शिकणाऱ्याने त्यावर म्हणायचं : “मराठीतच सांगा, फक्त जरा सावकाश.” हे वाक्य घाईच्या वेळी आपोआप यावं इतकं घटवून घ्यायला हवं.

रोल-प्लेची मर्यादाही लक्षात ठेवावी. वर्गात मागे रांग नसते, मिक्सरचा आवाज नसतो आणि शिकवणारा नकळत सावकाश बोलतो. म्हणून तोच प्रसंग पुन्हा करताना दुकानदार बदला, वेग वाढवा आणि एखादी चूक मुद्दाम घाला, जसं पाचशेऐवजी शंभराची नोट धरून सुटे परत देणं.

तुम्ही कुणाला मराठी शिकवत असाल, तर पुढच्या वेळी त्याला संवाद लिहून देऊ नका, फक्त चिठ्ठी द्या. आणि तुम्ही काउंटरच्या पलीकडे असाल, तर समोरचा अडखळल्यावर भाषा बदलू नका. तेच वाक्य सावकाश, दुसऱ्या शब्दांत सांगा.