छायाचित्र आपले, चेहरा दुसऱ्याचा

नोव्हेंबर २०२५ मध्ये मराठी अभिनेत्री गिरिजा ओक यांची एक मुलाखत अनपेक्षितपणे देशभर गाजली. निळ्या साडीतील त्यांची छायाचित्रे हातोहात फिरू लागली आणि त्यांतील काहींचे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने अश्लील रूपांतर करण्यात आले. त्यावर त्यांनी एक ध्वनिचित्रफीत प्रसृत केली. आपला बारा वर्षांचा मुलगा पुढे कधीतरी ही चित्रे पाहील, ही त्यांची चिंता होती. चित्रे करणाऱ्याला काही मिनिटांची करमणूक मिळाली. तिची किंमत मात्र एका आईला आणि तिच्या मुलाला चुकवावी लागणार होती. लाभ एकाचा आणि भुर्दंड दुसऱ्याचा, अशा व्यवहाराला अर्थशास्त्रात बाह्य व्यय म्हणतात. परक्याच्या छायाचित्रात फेरफार करण्याचा प्रश्न मुळात असा आहे.

हे विकृत माणसांचे उद्योग आहेत, आपला त्यांच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु हाच व्यवहार किनवटसारख्या गावात सद्‌हेतूनेही घडू शकतो. समजा, भाचीचे लग्न ठरवायचे आहे. मामा तिचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर घेतो, रंग दोन छटांनी उजळतो, गालावरचा तीळ पुसतो आणि वधू-वरांच्या तीन व्हॉट्सअ‍ॅप गटांवर पाठवून देतो. पाहुणे बघायला येतात तेव्हा कुजबुज सुरू होते, "फोटोत मुलगी वेगळी दिसत होती." फसवणुकीचा ठपका मुलीवर बसतो, मामा त्या वेळी चहाच्या व्यवस्थेत असतो. शिवाय तुझा आहे तो रंग दाखवण्याजोगा नाही, हा निवाडा घरच्यांनीच तिला न विचारता दिलेला असतो.

मग न विचारता काय करावे आणि विचारूनच काय करावे? बदल चित्रात झाला की माणसात, ही साधी कसोटी आहे. वाकडे चित्र सरळ करणे, कडेचा रिकामा भाग कापणे, सावलीत काळवंडलेले सारे दृश्य उजळणे, हे चित्रातले बदल होत. वर्ण, तीळ, व्रण, कंबर, केस, पदर अथवा कुंकू ह्यांना हात लावला की तो माणसातला बदल झाला. ह्या सीमेवर एक चकवा आहे. सारे दृश्य उजळतानाही सावळा चेहरा नकळत गोरा होतो. म्हणून मूळ चित्र शेजारी ठेवून पाहावे. पांढरा कपडा पांढऱ्याहूनही भगभगीत आणि चेहरा ओळखीपेक्षा फिकट दिसू लागला, तर हात आवरावा. कित्येक भ्रमणध्वनींत चेहरा गुळगुळीत करणारी सोय आधीच चालू असते. ती छायाचित्र घेण्यापूर्वी बंद करावी.

आता संमतीविषयी. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी असे म्हटले आहे. घरगुती वापराला तो कायदा लागू नाही. परंतु व्याख्या घरातही उपयोगी पडते. मामाने भाचीला मूळ आणि बदललेले अशी दोन्ही चित्रे दाखवावीत, काय बदलले ते सांगावे, आणि ती कोणत्या गटांवर, कशासाठी जाणार हेही सांगावे. छायाचित्र काढू दिले म्हणजे ते बदलू दिले असे नव्हे, आणि बदलू दिले म्हणजे पाठवू दिले असेही नव्हे. ह्या तीन निरनिराळ्या संमती आहेत. तिने तीळ राहू दे म्हटले तर तो राहावा. चार वडीलधाऱ्यांसमोर विचारून मिळवलेला होकार मुक्त नसतो. म्हणून तिला एकटीला विचारावे आणि तिचे मौन नकार समजावे.

संमती मागे घेता येते, मात्र तिथे एक मर्यादा आहे. पाठवलेले चित्र 'सर्वांसाठी' पुसले, तरी कोणी आधीच पुढे पाठवलेली किंवा जतन केलेली प्रत पुसली जात नाही. दुसरी प्रत काढायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, पण साऱ्या प्रती परत गोळा करणे कोणालाही परवडणारे नाही. फेरफार केलेल्या तोतया चित्रांविषयी व्यक्तीने तक्रार केल्यास ती हटवण्यासाठी २०२१ च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनी समाजमाध्यमांना २४ तासांची मुदत घातली होती. पुढे ती आणखी आवळण्यात आली. तथापि मुदत कितीही कमी केली, तरी दुसऱ्याच्या भ्रमणध्वनीत उतरलेल्या प्रतीपर्यंत ती पोहोचत नाही.

यास्तव परवानगीचे खरे मोल चित्र पाठवण्यापूर्वीच्या क्षणाला आहे. मामाला त्या क्षणी भाचीला हाक मारायला अर्धे मिनिट लागले असते. ते न दिल्यामुळे आलेला खर्च मात्र तिच्या नावावर लागतो, आणि तो फेडण्याची सोय मामाच्या हाती उरत नाही.