‘बुखारा’ गालिचा नेमका कुठला?

लाल जमीन आणि तीवर रांगेने मांडलेले अष्टकोनी नक्षीचे ठसे असा गालिचा दिसला, की दुकानदार ‘बुखारा’ म्हणतात. बुखारा ही बाजारपेठ होती. तिथे विकले जाणारे असे बरेचसे गालिचे दक्षिणेकडच्या तुर्कमेन टोळ्यांनी विणलेले असत. त्या अष्टकोनी ठशाला ‘गुल’ म्हणतात. प्रत्येक टोळीचा गुल वेगळा असे आणि तुर्कमेनिस्तानच्या राष्ट्रध्वजावरही असे पाच गुल आहेत. त्यांतला टेके टोळीचा गुल पुढे जगभर नकलला गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाहोर-कराचीकडे तो मोठ्या प्रमाणावर विणला जाऊ लागला. म्हणून गुल ओळखून नक्कल कशाची केली एवढेच कळते, विणणारा कोण ते कळत नाही.

मी फोटोत आधी झालर पाहतो. झालर म्हणजे ताण्याचीच टोके. ती पांढरीशुभ्र आणि सुती असली, तर बहुधा पाकिस्तानी माल. जुन्या टेके गालिच्याचा ताणा लोकरीचा, किंचित पिवळट किंवा राखाडी असतो. मात्र झालर वरून शिवलेली नाही ना, हे पाहावे लागते.

दुसरा फोटो मागच्या बाजूचा, पट्टी ठेवून काढलेला हवा. एका इंचातल्या गाठी आडव्या आणि उभ्या मोजून गुणाकार करायचा. आडव्या १० आणि उभ्या १६, म्हणजे चौरस इंचाला १६०. इथे हमखास चूक होते. ताण्याचे दोन्ही धागे एका पातळीत असतील, तर एकच गाठ मागून दोन दाण्यांसारखी दिसते आणि नवखा माणूस दुप्पट मोजतो.

गाठीचा प्रकार मात्र मागून नीट कळत नाही. त्यासाठी गालिचा आडवा दुमडून, लव फाकवून फोटो घ्यावा. ताण्याच्या दोन्ही धाग्यांवरून आडवी पट्टी जाऊन लवेची दोन्ही टोके मधून एकत्र बाहेर आली, तर गाठ तुर्की. एकाच धाग्याला पूर्ण वेढा असून टोके वेगवेगळी निघाली, तर ती फारसी. टेके विणकर सहसा फारसी गाठ मारत, तर योमुत टोळीत तुर्की गाठ पुष्कळ सापडते.

याच फोटोत रंगही तपासता येतो. पिवळ्या दिव्याखाली कोणताही लाल फसवा दिसतो, म्हणून एकाच फोटोतले लवेचे टोक आणि मूळ यांची तुलना करावी. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून केलेला लाल उतरला तरी लालच्याच छटेत राहतो. टोक करडे आणि मूळ भडक किरमिजी दिसले, तर सुरुवातीच्या काळातल्या रासायनिक रंगाचा संशय घ्यावा. त्यांतला फुक्सिन १८५० च्या दशकाअखेरीस आला, तेव्हा असा धागा मूळचा असेल तर गालिचा त्याहून जुना नाही.

समजा, लोकरीची झालर, फारसी गाठ, टेके गुल आणि मुळापर्यंत सारखा लाल, असे सगळे जुळले. तरी मी ‘टेके परंपरेचा’ एवढेच म्हणेन. १९७९ नंतर अफगाणिस्तानातून आलेल्या तुर्कमेन विणकरांनी पेशावरकडच्या छावण्यांतही गालिचे विणले. फोटोतून विणकराची परंपरा दिसू शकते. त्याने माग कुठे मांडला होता, हे दिसत नाही.