झोपलेल्या संगणकाला दुसऱ्या व्हीलॅनमधून हाक

एका अभियांत्रिकी महाविद्यालयात २८० संगणकांची लॅब आहे. ऑनलाइन परीक्षेच्या आदल्या रात्री त्या सगळ्यांवर एक सॉफ्टवेअर चढवायचं होतं. संध्याकाळी साडेपाचला लॅब बंद होते, म्हणून संगणक रात्री अकराला आपोआप सुरू करायचे, काम उरकायचं आणि पुन्हा बंद करायचे असं ठरलं. संगणकांत वेक ऑन लॅनची सोय होती आणि बायोसमध्ये ती चालूही होती. पावणेसहाला मी सर्व्हर रूममधून दोन-तीन संगणकांवर चाचणी घेतली. पंखे फिरले, पडदे उजळले. आठला पुन्हा पाहिलं तर काही उठले, काही नाही. अकराला २८० पैकी एकही उठला नाही.

ज्या बिघाडाची वेळ ठरलेली असते, तो निम्मा सापडलेलाच असतो. इथे ती वेळच सगळं सांगत होती.

बंद संगणकाच्या मागे वाकून पाहिलं, तर नेटवर्क केबल जिथे जाते तिथे छोटा दिवा लुकलुकत असतो. संगणक बंद असला तरी वीजपुरवठ्यातून थोडा प्रवाह नेटवर्क कार्डाला मिळत राहतो आणि कार्ड एका डोळ्याने जागं असतं. त्या अवस्थेत ते फक्त एका विशिष्ट संदेशाची वाट बघतं. त्याला म्हणतात मॅजिक पॅकेट. त्याची रचना अगदी साधी आहे. आधी सहा बाइट ‘ff’, मग त्या कार्डाचा स्वतःचा सहा बाइटांचा मॅक पत्ता सलग सोळा वेळा. सगळे मिळून १०२ बाइट. हा मजकूर पॅकेटमध्ये कुठेही दिसला की कार्ड मदरबोर्डला इशारा देतं. पॅकेट बहुधा यूडीपीच्या ७ किंवा ९ क्रमांकाच्या पोर्टवर पाठवतात, पण कार्डाला पोर्टशी घेणं-देणं नसतं. ते फक्त तो मजकूर शोधतं.

अडचण वेगळीच आहे. बंद संगणकाला मॅक पत्ता असतो, आयपी पत्ता नसतो. आयपी पत्ता सांभाळणारी ऑपरेटिंग सिस्टिम झोपलेली असते. एकाच व्हीलॅनमध्ये याने काही अडत नाही, कारण तिथे पॅकेट सगळ्यांना ऐकू जाईल असं ब्रॉडकास्ट करता येतं. पण आमचा सर्व्हर व्हीलॅन १० मध्ये, 10.20.10.5 या पत्त्यावर होता आणि लॅब व्हीलॅन ३० मध्ये. दोन्हींच्या मधे लेअर थ्री स्विच. व्हीलॅन म्हणजे एकाच वाड्यातले वेगळे चौक. एका चौकात मारलेली हाक दुसऱ्या चौकात जाऊ नये म्हणूनच ते पाडलेले असतात. 255.255.255.255 या पत्त्यावर पाठवलेलं पॅकेट ज्या चौकात निघालं तिथेच संपतं. कोणताही राउटर ते पुढे नेत नाही, आणि नेऊही नये.

मग पावणेसहाला संगणक उठले कसे? माझं साधन त्या वेळी प्रत्येक संगणकाच्या नेहमीच्या आयपी पत्त्यावर पॅकेट पाठवत होतं. स्विचकडे एआरपीचा तक्ता असतो. कोणता आयपी पत्ता कोणत्या मॅक पत्त्याचा, याची ती नोंदवही. सिस्कोच्या स्विचमध्ये ही नोंद मुळात चार तास टिकते. संगणक बंद होऊन पंधराच मिनिटं झाली होती, नोंद ताजी होती, म्हणून स्विचने पॅकेटवर मॅक पत्ता घालून ते लॅबच्या व्हीलॅनमध्ये सोडलं. कोणत्या पोर्टला कोणता मॅक आहे ही दुसरी नोंद पाचच मिनिटांत पुसली जाते, पण तिच्यावाचून काही बिघडत नाही. पोर्ट ठाऊक नसेल तर स्विच ते पॅकेट व्हीलॅनच्या सगळ्या पोर्टांवर पाठवतो.

एआरपीची नोंद पुसली गेल्यावर मात्र खेळ संपतो. स्विच विचारतो, ‘हा आयपी कोणाचा?’ उत्तर द्यायला कोणी जागं नसतं, आणि पॅकेट तिथेच टाकून दिलं जातं. प्रत्येक संगणकाची नोंद शेवटची कधी ताजी झाली यावर तिचे चार तास मोजले जातात. म्हणून आठला काही उठले, काही नाही. अकरापर्यंत सगळ्याच नोंदी गेल्या होत्या. `show ip arp vlan 30` ही आज्ञा दिल्यावर समोर आलेला जवळजवळ रिकामा तक्ता पाहूनच मला खात्री पटली. वेक ऑन लॅन ‘कधी चालतं, कधी नाही’ अशी तक्रार आली की मी आता सगळ्यात आधी हाच तक्ता बघतो.

लॅबचे काका शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, “सर, पण सगळ्यांना आयपी पत्ता त्याच सर्व्हरवरून मिळतो की. तेव्हाही संगणकाला स्वतःचा पत्ता नसतोच. ते कसं चालतं मग?”

प्रश्न नेमका होता. संगणक पत्ता मागतो तेव्हा तोही आपल्या चौकात हाकच मारतो. पण स्विचवर `ip helper-address` लिहिलेलं असतं. त्यामुळे स्विच ती हाक ऐकतो आणि सर्व्हरला नाव घालून चिठ्ठी पाठवतो. तिथे ज्याला चिठ्ठी पोचवायची तो जागा असतो. आपल्याला उलटं हवं होतं. चिठ्ठी दुसऱ्या चौकाच्या दारापर्यंत जावी आणि दारातल्या माणसाने आत तोंड करून ओरडावं.

याचीही सोय आहे. तिला डायरेक्टेड ब्रॉडकास्ट म्हणतात. प्रत्येक सबनेटचा शेवटचा पत्ता त्या सबनेटमधल्या सगळ्यांसाठी राखलेला असतो. त्या पत्त्याचं पॅकेट वाटेतल्या राउटरांना साध्या पॅकेटसारखंच दिसतं, आणि ते ते पुढे ढकलतात. शेवटच्या दारात, म्हणजे ज्याला ते सबनेट थेट जोडलेलं आहे त्या स्विचवर, ते ओळखलं जातं आणि ब्रॉडकास्ट होऊन आत जातं. मात्र त्या दाराने परवानगी दिली असेल तरच.

परवानगी मुळात नसते, आणि त्याला कारण आहे. १९९५च्या आरएफसी १८१२ मध्ये राउटरने डायरेक्टेड ब्रॉडकास्ट पुढे न्यावं असाच मूळ नियम होता. मग स्मर्फ नावाचे हल्ले सुरू झाले. हल्लेखोर दुसऱ्याच कोणाचा पत्ता पाठवणारा म्हणून घालून एखाद्या मोठ्या सबनेटच्या ब्रॉडकास्ट पत्त्यावर पिंग पाठवायचा. आतली शेकडो यंत्रं एकदम उत्तर द्यायची आणि तो सगळा लोंढा बिचाऱ्या तिसऱ्याच्या अंगावर पडायचा. एका पॅकेटची शेकडो पॅकेटं व्हायची. ऑगस्ट १९९९ मध्ये आरएफसी २६४४ ने नियम उलटा केला, आणि तेव्हापासून हे दार मुळात बंद असतं. `show ip interface vlan 30` मध्ये ‘Directed broadcast forwarding is disabled’ ही ओळ दिसली तर तो बिघाड नाही. ते कुलूप कोणीतरी विचार करून घातलेलं आहे.

म्हणून ते सरसकट उघडू नये. आम्ही लॅबच्याच दाराला, एकाच सर्व्हरसाठी आणि एकाच पोर्टसाठी फट ठेवली.

```
ip forward-protocol udp 9
access-list 110 permit udp host 10.20.10.5 any eq 9
interface Vlan30
 ip directed-broadcast 110
```

११० क्रमांकाची यादी सांगते की 10.20.10.5 कडून ९ क्रमांकाच्या पोर्टसाठी आलेलंच पॅकेट ब्रॉडकास्ट होईल. पिंग यात बसत नाही, त्यामुळे स्मर्फची वाट बंदच राहते. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो हे खरं. म्हणून आपल्या आतल्या पत्त्यांचं पॅकेट बाहेरच्या इंटरनेटवरून येत असेल तर ते वेशीवरच अडवलेलं असायला हवं. सिस्कोच्या नव्या कॅटॅलिस्ट ९००० मालिकेत पॅकेट ज्या बाजूने येतं तिथे, म्हणजे इथे व्हीलॅन १० वर, `ip network-broadcast` सुद्धा लिहावं लागतं. ते विसरलं तर बाकी सगळं बरोबर असूनही पॅकेट आत येत नाही.

एवढं लिहून मी 10.20.30.255 वर पॅकेट पाठवलं. लॅबमध्ये शांतता. इथे चूक माझी होती. एका साध्या सबनेटमध्ये २५४ पत्ते मावतात आणि आमचे संगणक २८०. त्यामुळे लॅबचं सबनेट 10.20.30.0/23 होतं, म्हणजे 10.20.30.0 पासून 10.20.31.255 पर्यंत. अशा सबनेटमध्ये 10.20.30.255 हा मधलाच एक साधा पत्ता. स्विच त्याच्यासाठी इमानेइतबारे ‘हा कोणाचा?’ विचारत बसला होता. शेवटी ‘२५५’ दिसलं की तो ब्रॉडकास्ट पत्ता, ही सवय अशी फसवते. सबनेट मास्क बघून शेवटचा पत्ता काढायचा, अंदाजाने लिहायचा नाही.

पत्ता बदलायच्या आधी मी लॅपटॉप लॅबच्या एका पोर्टला लावून वायरशार्क उघडलं आणि वर `wol` हा फिल्टर टाकला. मग सर्व्हरवरून 10.20.31.255 वर पॅकेट पाठवायला सांगितलं. क्षणभरात पडद्यावर एक ओळ उमटली. आत ff ff ff ff ff ff आणि खाली तोच मॅक पत्ता ओळीमागून ओळी सोळा वेळा. या चाचणीने सगळा वाद मिटतो. पॅकेट इथे दिसलं तर नेटवर्कचं काम झालं, पुढे शोध संगणकात घ्यायचा. नाही दिसलं तर संगणकाला हात लावण्यात अर्थ नाही.

काही साधनांना पत्ता देताच येत नाही, ती 255.255.255.255 वरच पाठवतात. तिथे सर्व्हरच्या व्हीलॅनवर `ip helper-address 10.20.31.255` लिहिलं की स्विच ती हाक उचलून लॅबच्या दाराशी पाठवतो. वर लिहिलेली `ip forward-protocol udp 9` ही ओळ त्यासाठीही हवीच, कारण हेल्पर मुळात डीएचसीपी, डीएनएस अशी मोजकीच पोर्टं पुढे नेतो आणि ९ त्यात नाही. हा मार्ग मला कमी आवडतो. त्या व्हीलॅनमधली ९ क्रमांकाच्या पोर्टची प्रत्येक हाक मग लॅबपर्यंत चालत येते, आणि वरची यादी नसेल तर आतही शिरते. स्विच आपल्या ताब्यात नसेल, तर लॅबच्याच व्हीलॅनमध्ये रास्पबेरी पायसारखं एक छोटं यंत्र कायम चालू ठेवावं. सर्व्हर त्याला साधा निरोप देईल आणि ते आतल्या आत हाक मारेल. त्यासाठी स्विचला हातही लावावा लागत नाही, पण सांभाळायला आणखी एक यंत्र वाढतं.

साडेबाराला खरी पाठवणी सुरू केली, दर दोन सेकंदांना एक पॅकेट. सगळे एकदम उठवले तर सुरुवातीच्या वीजओढीने लॅबचा एमसीबी पडण्याची भीती असते. ओळीने पंखे घोंगावत गेले. २७१ उठले. उरलेल्या नवांच्या मागे काका टॉर्च घेऊन फिरले. सहांच्या केबलजवळचा दिवा विझलेला होता. कोणीतरी टेबलाखालची वीजपट्टीच बंद करून गेलं होतं. तिघांचा दिवा लुकलुकत होता, पण विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू राहिलं होतं, आणि त्या पद्धतीने बंद झालेला संगणक वेक ऑन लॅनने उठण्याची विंडोज हमी देत नाही. काकांनी ते तिघे बटण दाबून सुरू केले, सेटिंग बदललं, आणि सहा वीजपट्ट्यांच्या स्विचांवर पांढरी चिकटपट्टी लावून स्केचपेनने ‘बंद करू नये’ असं लिहिलं.