बाण भात्यातच का राहतो?

व्हिडिओ गेममधला एक शत्रू डोळ्यांसमोर आणा. पाठीवर बाणांनी भरलेला भाता, खांद्याला धनुष्य, कमरेला तलवार. खेळाडू वीस मीटरवर उघड्यावर उभा आहे, मध्ये झाड नाही की भिंत नाही. हा गडी मात्र धनुष्याला हात न लावता तलवार उपसून धावत सुटतो आणि वाटेतच मार खाऊन पडतो. पुन्हा खेळा, पुन्हा तेच. प्रोग्राममध्ये कुठेही चूक दाखवली जात नाही आणि बाण मारण्याचा भाग वेगळा तपासला तर तो व्यवस्थित चालतो. तरीही संपूर्ण गेममध्ये एकही बाण सुटत नाही. युटिलिटी पद्धतीने शत्रूची बुद्धी बांधणाऱ्यांना हे दुखणं चांगलंच परिचयाचं आहे.

या पद्धतीत शत्रूला ‘असं झालं तर तसं कर’ अशी नियमांची यादी दिलेली नसते. त्याला जमणाऱ्या प्रत्येक कृतीला दर थोड्या वेळाने गुण दिले जातात आणि सर्वाधिक गुणांची कृती तो करतो. 2000 साली आलेल्या ‘द सिम्स’मधली माणसं भूक, झोप, करमणूक यांचा हिशोब करून पुढचं काम निवडायची, ते याच जातीचं. लढाईच्या गेमसाठी ही पद्धत नीट मांडून दाखवणाऱ्यांमध्ये डेव्ह मार्क हे नाव मोठं आहे. त्यांचं या विषयावरचं पुस्तक 2009 साली आलं.

गुण देण्याची रीत अशी. आधी परिस्थितीतली एखादी मोजता येणारी गोष्ट घ्यायची, उदाहरणार्थ खेळाडूचं अंतर. ती 0 ते 1 या पट्टीवर बसवायची. मग एका वक्ररेषेने ठरवायचं की पट्टीवरच्या कुठल्या जागेला किती गुण. हे गुणही 0 ते 1 मध्येच असतात, म्हणजे बाण मारणं, तलवार चालवणं, पळून जाणं, जखमेवर औषध लावणं या सगळ्यांची एकमेकांशी तुलना करता येते. निदान तशी अपेक्षा असते.

आता आपल्या धनुर्धाऱ्याचे आकडे पाहू. हे उदाहरण समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण अशी मांडणी कुणाच्याही हातून सहज होते. गेममधलं मैदान 100 मीटर लांब आहे, म्हणून अंतराला 100 ने भागलं. खेळाडू जितका दूर तितका बाण बरा आणि अगदी जवळ असताना तर नकोच, म्हणून धनुष्याला अंतराच्या वर्गाइतके गुण दिले. तलवारीचं उलट: जवळ असताना पूर्ण गुण, दूर जाताना सरळ रेषेत कमी. कागदावर काढल्या तर दोन्ही रेषा अगदी शहाण्यासारख्या दिसतात. एक डावीकडून उजवीकडे चढते, दुसरी उतरते आणि मध्यापासून थोडं पुढे त्या एकमेकींना छेदतात. म्हणजे जवळ तलवार, दूर धनुष्य. आणखी काय हवं?

खरी लढाई होते त्या अंतरांवर आकडे घालून पाहिलं की गंमत कळते. 12 मीटरवर पट्टीवरची जागा 0.12. तिचा वर्ग 0.0144, हे धनुष्याचे गुण. तलवारीला 0.88. 25 मीटरवर धनुष्य 0.06, तलवार 0.75. आता शत्रूला खेळाडू दिसतो तोच मुळी 40 मीटरच्या आत. तिथेसुद्धा धनुष्याला 0.16 आणि तलवारीला 0.60. दोन्ही रेषा छेदतात ते साधारण 62 मीटरवर आणि तेवढ्या लांबून शत्रूला खेळाडूचा पत्ताच नसतो. आलेखाचा जो उजवा भाग पाहून आपण ‘इथे धनुष्य जिंकतं’ म्हणत होतो, त्या भागात लढाई कधी पोहोचतच नाही.

रेषांचे आकार बरोबर आहेत, चुकली आहे ती पट्टी. परीक्षेत कुणी ‘मला बारा गुण मिळाले’ म्हणालं तर आपण आधी ‘कितीपैकी?’ विचारतो, शंभरपैकी बारा म्हणजे नापास आणि पंधरापैकी बारा म्हणजे उत्तम. इथे बारा मीटर हे अंतर धनुष्यासाठी उत्तम होतं, पण ते शंभरपैकी मोजलं गेलं. त्यात वर्ग केल्यामुळे नुकसान आणखी वाढलं, कारण एकपेक्षा लहान संख्येचा वर्ग तिच्याहून लहान असतो. पट्टीच्या खालच्या टोकाला अडकलेला आकडा वर्गाने पार चिरडला जातो.

दोष इथेच आहे हे ओळखायचं कसं? पहिली चाचणी सोपी आहे: तलवारीचे गुण हाताने शून्य करून टाकायचे. मग बाण सुटू लागले तर बाण मारण्याचा भाग धडधाकट आहे आणि घोळ निवडीत आहे. दुसरी गोष्ट म्हणजे फक्त विजेत्या कृतीची नोंद न ठेवता हरलेल्यांचेही गुण पाहायचे. ‘तलवार निवडली’ एवढ्या ओळीवरून काही कळत नाही. ‘तलवार 0.88, धनुष्य 0.01’ हे वाचलं की धनुष्य थोडक्यात हरत नसून शर्यतीतच नाही, हे दिसतं. तिसरी चाचणी म्हणजे शत्रूला दिसणाऱ्या प्रत्येक अंतरावर दोन्ही गुण छापून पाहणं:

```python
for d in range(1, 41):
    x = d / 100
    dhanushya = x * x
    talwar = 1 - x
    print(d, round(dhanushya, 2), round(talwar, 2))
```

चाळीस ओळींत एकदाही धनुष्याचा आकडा मोठा आला नाही, की निकाल लागला. शत्रूला कितीही वेळ खेळवत बसण्याची गरज उरत नाही.

यानंतर बहुतेकांचा हात आधी चुकीच्या उपायाकडे जातो. धनुष्याचे गुण कमी पडतात ना, मग त्यांना कशाने तरी गुणा! 12 मीटरवर बरोबरी साधायला 0.0144 ला तब्बल 61 ने गुणावं लागतं. तसं केलं की 12 मीटरपलीकडे बाण सुटू लागतात आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण 40 मीटरवर आता धनुष्याचे गुण 9.76 होतात. इतर सर्व कृतींची कमाल 1 आहे. म्हणजे साधारण 13 मीटरच्या पुढे धनुष्याला कुणीच हरवू शकत नाही. शत्रू मरणाच्या दारात असो, ‘पळून जा’ला पैकीच्या पैकी मिळोत, तो आपला बाणच मारत बसणार. एका कृतीचं दुखणं होतं, ते आता सगळ्यांना चिकटलं.

योग्य उपाय पट्टीपासून सुरू होतो. धनुष्य की तलवार हा प्रश्न खऱ्या अर्थाने 0 ते 20 मीटरमध्येच पडतो, म्हणून अंतराला 20 ने भागायचं आणि त्यापुढच्या सगळ्याला 1 धरायचं. रेषाही बदलायची. ‘जितकं दूर तितकं चांगलं’ हे धनुष्याबाबत खरं नाही. 12 मीटर आणि 18 मीटर त्याला सारखेच. फरक पडतो तो तलवारीच्या टप्प्याजवळ. म्हणून बराच वेळ खाली राहून एका जागी झपकन वर चढणारी आणि मग सपाट होणारी, इंग्रजी एस अक्षरासारखी रेषा इथे शोभते. तिला लॉजिस्टिक वक्र म्हणतात. तिचे दोन खटके असतात: चढाचा मध्य कुठे आणि चढ किती उभा.

समजा धनुष्याच्या चढाचा मध्य 8 मीटरवर ठेवला, तलवारीच्या उताराचा 6 मीटरवर आणि उभेपणा दोघांना 15. आता 12 मीटरवर धनुष्याला 0.95 आणि तलवारीला 0.01 मिळतात. 4 मीटरवर तलवारीला 0.82, धनुष्याला 0.05. हवं होतं तसंच. पण मधल्या पट्ट्याकडेही पाहायला हवं. 7 मीटरवर दोघांचेही गुण 0.32 पर्यंत खाली येतात. ‘जागेवर उभं राहून पहारा दे’ या कृतीला कुणी कायमचे 0.4 गुण देऊन ठेवले असतील, तर साधारण साडेसहा ते साडेसात मीटरच्या पट्ट्यात हा शत्रू समोर खेळाडू असताना खांबासारखा उभा राहील. दोन्ही मध्य 7 मीटरवर आणले की तिथे दोघांनाही 0.5 मिळतात आणि ही फट बुजते.

त्यातून एक नवी कुरबूर निघते. खेळाडू 7 मीटरच्या आसपास मागेपुढे करू लागला की शत्रू धनुष्य काढतो, ठेवतो, तलवार उपसतो, परत धनुष्य. त्यावर सर्रास वापरला जाणारा उपाय म्हणजे चालू असलेल्या कृतीला थोडे जादा गुण, समजा दहा टक्के, देणं. मग किरकोळ फरकाने बेत बदलत नाही.

अंतराचा हिशोब जुळला तरी धनुष्य हरण्याचं आणखी एक कारण शिल्लक राहतं. कृतीचे गुण अनेक मुद्द्यांवरून ठरतात आणि मार्क यांच्या पद्धतीत ते एकमेकांशी गुणले जातात. त्याचा फायदा असा, की एक मुद्दा शून्य झाला की कृती आपोआप बाद होते: भाता रिकामा असेल तर बाकी काहीही असो, बाण नाही. पण धनुष्याला मुद्दे जास्त लागतात. अंतर, नजरेची रेषा मोकळी आहे का, बाण किती उरले, मध्ये आपलाच साथीदार नाही ना. तलवारीला अंतर आणि स्वतःची तब्येत पुरते. प्रत्येक मुद्द्यावर उत्तम 0.9 मिळाले तरी चार मुद्द्यांचा गुणाकार 0.66 होतो आणि दोन मुद्द्यांचा 0.81. जास्त विचार करणाऱ्या कृतीला केवळ विचार केल्याची शिक्षा!

यासाठी मार्क यांनी भरपाईचं सूत्र वापरलं. गुणाकार 1 पेक्षा जितका कमी पडला, त्या तुटीचा मुद्द्यांच्या संख्येप्रमाणे ठरणारा हिस्सा घ्यायचा: दोन मुद्द्यांना निम्मा, चारांना तीन चतुर्थांश. त्या हिश्शाने मूळ गुणांना गुणून येईल तेवढी भर त्यांत घालायची. आपल्या उदाहरणात धनुष्य 0.83 वर येतं आणि तलवार 0.89 वर. फरक पुरता मिटत नाही, पण 0.15 वरून 0.06 वर येतो. शून्याला मात्र भरपाई काहीच देत नाही, त्यामुळे रिकाम्या भात्याचा नियम तसाच टिकतो.

हे सारे आकडे लढाई किती अंतरावर होते यावर बेतलेले आहेत. उद्या कुणी गेममध्ये अरुंद भुयारांचा नवा टप्पा घातला आणि तिथे खेळाडू 7 मीटरपेक्षा लांब कधी दिसलाच नाही, तर हाच दुरुस्त केलेला शत्रू पुन्हा फक्त तलवारच चालवेल. भुयारापुरतं ते योग्यही असेल. पण तिथे धनुर्धारी ठेवायचाच असेल, तर आधी खेळाडू प्रत्यक्षात किती लांबून दिसतो ते मोजायचं आणि मगच रेषेला हात लावायचा.