*भाव तोडायचा नाही, बदल्यात काहीतरी घ्यायचं*



सध्या डाळीच्या मोठ्या ऑर्डरची बोलणी सुरू आहेत. "माल जास्त घेतो, अजून कमी करा" असं खरेदीदार म्हणाला की काय उत्तर द्यायचं, ते आज एका हिशोबावरून बघू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. तिथं तुमचे आकडे घाला.

छावणीतल्या एका होलसेल किराणावाल्याला ५० क्विंटल तूरडाळ पाहिजे. आपण भाव दिला ११,००० रुपये क्विंटल. त्यात बारदान आपलं, माल दुकानात पोच आणि ३० दिवसांची उधारी. तूर, भरडाई, बारदान, गाडीभाडं आणि उधारीचं व्याज धरून, चुणीचे पैसे वजा करून आपला खर्च १०,३०० येतो. म्हणजे क्विंटलमागे ७०० रुपये राहतात, ५० क्विंटलला ३५,०००.

शेठ म्हणतात, "पाच टक्के सोडा." पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते ११,००० वर आहेत. म्हणजे ५५० रुपये गेले. उरले १५०, आणि ५० क्विंटलला फक्त ७,५००. पाच टक्क्यांत आपल्या नफ्याचे पाऊण हिस्से गेले. म्हणून सूट नेहमी रुपयात मोजा आणि ती क्विंटलमागच्या नफ्यातून वजा करून बघा.

*मग काय द्यायचं?*

ज्यात आपला खर्च वाचतो, त्यातलंच द्यायचं.

▪️ *रोख पैसे:* महिन्याच्या उधारीला दरमहा एक टक्का व्याज धरलं तर क्विंटलमागे साधारण १०० रुपये जातात. माल उचलतानाच पैसे मिळाले तर ९० सोडा.
▪️ *गाडी त्यांची:* भाडं ८० रुपये वाचतं. त्यातले ६० सोडा.
▪️ *बारदान त्यांचं:* क्विंटलला दोन कट्टे, ५० रुपये. पूर्ण सोडा.

तिन्ही मान्य झालं तर भाव १०,८०० होतो. शेठला २०० रुपये कमी पडले, आपला खर्च २३० नं कमी झाला. नफा ७०० चा ७३० झाला. त्यांनी एकच गोष्ट मान्य केली तर तेवढीच सूट. बदल्यात काही न घेता भाव उतरवला तर पहिला भाव फुगवून सांगितला होता असंच वाटतं, आणि पुढच्या वेळी बोलणी तिथूनच सुरू होतात.

*उत्तर फोनवर लगेच देऊ नका.* "संचालकांशी बोलून संध्याकाळी कळवतो" म्हणा आणि असा मेसेज टाका:

_"शेठ, नमस्कार. ५० क्विंटल तूरडाळ, दाखवलेल्या नमुन्याप्रमाणे. पोच, बारदानासह, ३० दिवस उधारी: ११,०००. रोख, तुमची गाडी, तुमचं बारदान: १०,८००. यातलं जे सोयीचं पडेल ते सांगा. भाव शनिवार संध्याकाळपर्यंत."_

मुदत टाकायलाच पाहिजे. मोंढ्यात तूर वर गेली तर आपण जुन्या भावात अडकतो.

*"जाधववाडीत १०,४०० नं मिळते" म्हणाले तर?*

वाद घालू नका, विचारा: नमुना बघितला का? तुकडा किती? वजन बारदान सोडून की धरून? पैसे कधी द्यायचे? बऱ्याचदा तो माल दुसऱ्या प्रतीचा असतो. तसाच माल हवा असेल तर आपणही जास्त तुकड्याची डाळ वेगळ्या भावानं देऊ. पण पहिल्या प्रतीचा माल त्या भावात नाही.

*इथं फसतात:* बोलणी ५० क्विंटलची, उचल होते १५ ची, आणि बाकीच्याला "बघू" ऐकायला मिळतं. म्हणून माल टप्प्यानं जाणार असेल तर मोठ्या मालाची म्हणून द्यायची सूट प्रत्येक बिलात देऊ नका. ५० पूर्ण झाल्यावर शेवटच्या बिलात वजा करा, आणि हे आधीच लिहून कळवा.

*एक अपवाद:* डाळ जुनी झाली, भुंगा लागायची भीती आहे किंवा नवी तूर येऊन भाव पडायला लागलेत, तर ७०० धरून बसू नका. हाच माल महिन्यानं दुसरीकडं काय भावानं जाईल ते बघा. त्यातून महिन्याचं व्याज आणि घट वजा करा. शेठचा भाव त्याहून वर असेल तर देऊन टाका. खाली असेल तर "या वेळी जमत नाही, पुढच्या मालाला नक्की कळवतो" एवढंच म्हणा.

बोलणीला बसण्याआधी आपला सगळ्यात खालचा भाव कागदावर लिहा. तो दोन संचालकांना माहीत असू द्या, शेठला नाही.