फोटोतले वजाचे चिन्ह आणि वर्तुळावरची चार मुळे

एखाद्या संमिश्र संख्येचे चतुर्थमूळ म्हणजे अशी संख्या, की जी चारदा घेऊन गुणाकार केला असता मूळची संख्या मिळते. शून्य सोडून कोणत्याही संमिश्र संख्येला अशी चतुर्थमुळे नेमकी चार असतात, आणि कागदावर मांडली की ती एकाच वर्तुळावर समान अंतराने बसतात. हा प्रश्न आज बऱ्याचदा वहीच्या किंवा पुस्तकाच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो म्हणून समोर येतो. त्यामुळे उदाहरण सोडवण्याआधी ते नीट वाचावे लागते. पुढचे उदाहरण घेऊ:

z⁴ = −8 + 8√3 i

अशा फोटोत तीन जागी घोटाळा होतो. प्रकाश एका बाजूने पडला असेल तर 8 ची डावी बाजू पुसट होते आणि 8√3 चे 3√3 वाचले जाते. मुळाच्या चिन्हावरची आडवी रेघ जराशी लांबली, की i आत आहे की बाहेर हे कळत नाही. आणि सुरुवातीचे वजाचे चिन्ह पानाच्या घडीत किंवा सावलीत हरवते. यातली पहिली चूक आकडेमोडीतच उघडी पडते, दुसरी प्रश्नाचा साचा पाहून ओळखता येते. तिसरी मात्र सहज निसटते. ती का निसटते, हे ध्रुवीय रूप पाहिले की समजते.

संमिश्र संख्या ही प्रतलावरचा एक बिंदू मानता येते. तिचा वास्तव भाग आडव्या अक्षावर मोजायचा, काल्पनिक भाग उभ्या अक्षावर. इथे बिंदू आहे आरंभबिंदूपासून ८ एकक डावीकडे आणि ८√३, म्हणजे सुमारे १३.८६ एकक वर. हाच बिंदू दुसऱ्या पद्धतीनेही सांगता येतो: आरंभबिंदूपासून किती लांब आणि कोणत्या दिशेला. या अंतराला मापांक म्हणतात आणि दिशेच्या कोनाला कोनांक. ही अंतर-दिशेची कल्पना पहिल्यांदा नीट मांडली ती कास्पर वेसेल या जमीनमोजणी करणाऱ्या माणसाने, १७९७ मध्ये डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीपुढे. मोजणीदाराचे सगळे काम अंतर आणि दिशा यांवरच चालते, तेव्हा हे त्याला सुचावे यात नवल नाही. त्याचा निबंध जवळपास शंभर वर्षे दुर्लक्षित राहिला, आणि आकृतीला नाव मिळाले ते १८०६ मध्ये हीच कल्पना मांडणाऱ्या आर्गंडचे.

मापांक पायथागोरसच्या प्रमेयाने निघतो. ८ चा वर्ग ६४, ८√३ चा वर्ग १९२, बेरीज २५६, आणि तिचे वर्गमूळ १६. उत्तर असे पूर्णांकात आले की आकडे बरोबर वाचल्याची बरीच खात्री पटते. 8 च्या जागी 3 वाचला असता तर ६४ आणि २७ मिळून ९१ आले असते. त्याचे वर्गमूळ पूर्णांक नाही आणि पुढची मुळेही सुटसुटीत आली नसती. पाठ्यपुस्तकातले उदाहरण इतके अडखळू लागले, की फोटो मोठा करून पुन्हा पाहावा. वजाच्या चिन्हाबाबत मात्र मापांक काहीच सांगत नाही, कारण वर्ग करताना चिन्ह नाहीसे होते. ते हरवले तरी १६ च येतात.

चिन्हाचा सगळा भार कोनांकावर असतो. काल्पनिक भागाला वास्तव भागाने भागले की −√3 येतात. कॅल्क्युलेटरवर tan⁻¹ दाबले तर उत्तर मिळते −६०°. इथेच सर्वांत जास्त चुका होतात. ही दिशा चौथ्या चरणातली, उजवीकडे खालची आहे. आपला बिंदू तर डावीकडे वर, दुसऱ्या चरणात आहे. कॅल्क्युलेटरला फक्त भागाकार दिसतो, आणि वजाचे चिन्ह वर होते की खाली हे भागाकारातून कळत नाही. म्हणून आधी बिंदूची कच्ची आकृती काढावी, चरण पाहावा आणि मग गरज पडल्यास १८०° मिळवावेत. −६० मध्ये १८० मिळवले की १२०° येतात. ध्रुवीय रूप असे झाले:

z⁴ = 16 (cos 120° + i sin 120°)

दोन संमिश्र संख्यांचा गुणाकार करताना मापांकांचा गुणाकार होतो आणि कोनांकांची बेरीज. त्यामुळे चौथ्या घातात मापांकाचा चौथा घात होतो आणि कोन चौपट होतो. मूळ काढताना हेच उलटे करायचे: १६ चे चतुर्थमूळ २, आणि १२०° चा चौथा भाग ३०°. हे झाले एक मूळ. बाकीची तीन कुठून येतात? एक पूर्ण फेरी मारली तरी दिशा तीच राहते. १२०° ही जशी त्या बिंदूची दिशा, तशीच ४८०°, ८४०° आणि १२००° हीसुद्धा. यांना ४ ने भागले की १२०°, २१०° आणि ३००° मिळतात. आणखी एक फेरी घेतली तर ३९०° येतात, म्हणजे पुन्हा ३०° च. म्हणून चारच मुळे. ३६०° आधी मिळवायचे आणि मग भागायचे. भागून झाल्यावर ३६०° मिळवले तर तेच मूळ पुन्हा हाती येते.

साइन-कोसाइनच्या किमती घातल्यावर मुळे अशी:

√3 + i,  −1 + √3 i,  −√3 − i,  1 − √3 i

आता आकृती. दोन्ही अक्षांवर प्रमाण एकच घ्यावे, समजा १ एककाला २ सेंमी. प्रमाण वेगळे झाले की वर्तुळाचा लंबगोल होतो आणि कोनमापकाने मोजलेले कोन चुकतात. त्रिज्या १६ नव्हे, २ एकक, म्हणजे कंपासमध्ये ४ सेंमी. कोनमापकाने एकदाच ३०° मोजायचे. ती रेघ आरंभबिंदूतून पलीकडे वाढवली की २१०° चा बिंदू मिळतो, आणि तिला काटकोनात दुसरी रेघ काढली की १२०° आणि ३००° चे. पहिला बिंदू उभ्या अक्षापासून साधारण साडेतीन सेंमी आणि आडव्या अक्षापासून २ सेंमी दूर पडायला हवा. चारही बिंदू जोडले की किंचित वळलेला चौरस दिसतो.

हा चौरस सुबक आला म्हणजे उत्तर बरोबर, असे मात्र नाही. कोनांक −६०° धरला असता तर मुळे −१५°, ७५°, १६५° आणि २५५° वर आली असती. तोही तितकाच नीटस चौरस, फक्त ४५° ने फिरलेला. चारही मुळांची बेरीज दोन्हीकडे शून्यच येते. खरी परीक्षा एकच: एक मूळ घेऊन त्याचा चौथा घात करून पाहणे. √3 + i चा वर्ग 2 + 2√3 i, आणि त्याचा पुन्हा वर्ग 4 − 12 + 8√3 i, म्हणजे −8 + 8√3 i. चुकीच्या चौरसातल्या मुळाचा चौथा घात 8 − 8√3 i येतो, दोन्ही चिन्हे उलटी. तसे दिसले तर कोनांक १८०° ने चुकला आहे हे नक्की. फक्त पहिलेच चिन्ह उलटे निघाले, तर फोटोतले वजाचे चिन्ह वाचायचे राहिले असणार.

आणखी एक सवय इथे फसवते. वर्गसमीकरणे सोडवताना √3 + i मिळाले की जोडीला √3 − i लिहायचा हात बसलेला असतो. ती जोडी समीकरणाचे सगळे सहगुणक वास्तव असतील तरच हमखास मिळते. इथे उजव्या बाजूलाच i आहे, म्हणून चौरस आडव्या अक्षाच्या वर-खाली सारखा पडत नाही, आणि √3 − i चा चौथा घात −8 − 8√3 i निघतो.